आत्याच्या छातीतला ‘डाग’: सीटी रिपोर्टमधली रुंद झालेली श्वासनळी आणि जुना व्रण

आपल्या सीमाभागातल्या बहुतेक घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधी ना कधी एक पीडीएफ येतेच. गावाकडच्या आत्याचा, काकांचा किंवा आजोबांचा छातीचा सीटी स्कॅन झालेला असतो. रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टर कन्नडमध्ये ‘केम्मु किती दिवसांपासून?’ असं विचारणारे आणि घरात बोली मराठी. मग पुण्यात, हैदराबादेत किंवा बंगळूरला नोकरी करणाऱ्या भाच्या-पुतण्यांना फोन येतो, ‘बाळा, यात काय लिहिलंय ते बघून सांग की.’

त्या रिपोर्टमध्ये आपल्याकडे हमखास भेटणारी एक ओळ असते: ‘फायब्रोब्रॉन्किएक्टॅटिक चेंजेस, सीक्वेली ऑफ ओल्ड कॉख्स.’ यातलं ‘कॉख्स’ म्हणजे टीबी. रॉबर्ट कॉख यांनी 1882 साली टीबीचा जंतू शोधला, म्हणून डॉक्टर अजूनही कागदावर त्यांचंच नाव लिहितात. ‘सीक्वेली’ म्हणजे रोग गेल्यावर मागे राहिलेल्या खुणा. आणि ‘फायब्रोब्रॉन्किएक्टॅटिक’ या एका लांबलचक शब्दात दोन वेगळ्या गोष्टी जोडलेल्या आहेत: फायब्रोसिस म्हणजे व्रण, आणि ब्रॉन्किएक्टेसिस म्हणजे कायमची रुंद झालेली श्वासनळी. खोकला वर्षानुवर्षं जात नसेल, तर या दोन गोष्टी वेगळ्या करणं फार महत्त्वाचं ठरतं. व्रण बहुधा आहे तसा पडून राहतो. रुंद झालेली नळी मात्र रोज कफ साठवते आणि वारंवार पिकते.

समजा, निंबर्ग्याची एक आत्या

एक उदाहरण घेऊ. हे कुणा एकीचं नाही. अशा अनेक रिपोर्टांत जे दिसतं, ते एकत्र करून मांडलेलं आहे.

आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्यात राहणारी, अठ्ठावन्न वर्षांची आत्या. लहानपणी तिला डांग्या खोकला झाला होता आणि त्यानंतर छातीत कफ भरून ती बरेच दिवस अंथरुणाला खिळली होती. चौतीसाव्या वर्षी टीबी झाला, सहा महिने गोळ्या घेतल्या, बरी झाली. आता सात-आठ वर्षं खोकला आहे. सकाळी उठल्यावर दोन-तीन चमचे बेडका पडतो. सर्दी झाली की तो पिवळा-हिरवा होतो, अंगात कणकण येते, दहा-बारा दिवस जातात आणि मग थोडं बरं वाटतं. असं वर्षातून तीन-चार वेळा.

दरवेळी छातीचा फोटो काढला जातो. फोटोत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पांढरट डाग दिसतो. ‘डाग आहे’ म्हटलं की घरात एकच अर्थ निघतो, टीबी परत आला. एकदा तर तिला पुन्हा टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांनी मळमळ, भूक मंदावणं यामुळे बंद कराव्या लागल्या. दुसऱ्या वेळी उलट झालं. ‘हा जुनाच डाग आहे, काही नाही’ असं सांगून खोकला दाबायचं औषध दिलं गेलं. कफ आत राहिला आणि पंधरा दिवसांत ताप चढला.

दोन्ही वेळेला फोटोतला डाग खराच होता. पण खोकला त्या डागामुळे नव्हताच. ते कसं कळलं, हे सीटीतून पाहू.

नळी रुंद झाली हे सीटीत कसं दिसतं

साध्या एक्स-रेत सगळं फुप्फुस एकावर एक पडून सपाट दिसतं. सुरुवातीचा ब्रॉन्किएक्टेसिस त्यात सहज सुटतो. म्हणून एचआरसीटी करतात. म्हणजे एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ चकत्यांचा सीटी, श्वास पूर्ण आत घेऊन रोखून काढलेला. भाकरी थापल्यावर तिच्या आतलं काही दिसत नाही, पण पावाच्या पातळ चकत्या केल्या की प्रत्येक भोक दिसतं, तसाच हा फरक.

फुप्फुसात प्रत्येक श्वासनळीला एक रक्तवाहिनी सोबत करत असते. दोघी जोडीने जातात आणि जोडीनेच फांद्या फुटत लहान होतात. चकतीत नळी काळ्या वर्तुळासारखी दिसते, कारण आत हवा असते, आणि सोबतची रक्तवाहिनी पांढऱ्या ठिपक्यासारखी. निरोगी माणसात नळीचा आतला व्यास सोबतिणीपेक्षा लहान असतो. नळी सोबतिणीहून मोठी झाली, म्हणजे दोघींचं गुणोत्तर एकाच्या वर गेलं, की संशय येतो. तेव्हा चित्र खड्याच्या अंगठीसारखं दिसतं. नळी ही अंगठीची कडी आणि रक्तवाहिनी हा खडा. रेडिओलॉजिस्ट याला सिग्नेट रिंग साइन म्हणतात.

दुसरी खूण म्हणजे नळी निमुळती न होणं. झाडाची फांदी टोकाकडे बारीक होत जाते, तशी श्वासनळीही झाली पाहिजे. ती चकत्यांमागून चकत्या त्याच जाडीची राहिली, आणि आडव्या कापात दोन समांतर भिंती रेल्वेच्या रुळांसारख्या दिसल्या, तर ती खूण गुणोत्तरापेक्षाही भरवशाची मानली जाते. तिसरी खूण कडेला असते. फुप्फुसाच्या आवरणापासून एक सेंटिमीटरच्या आत निरोगी नळ्या इतक्या बारीक असतात की सीटीत दिसतच नाहीत. तिथे नळी दिसली, तर ती रुंद झालेली आहे.

या तिन्हींसोबत नळीची भिंत जाड झालेली असते आणि आत कफाचे बोळे अडकलेले असतात. बारीक नळ्यांत कफ भरला, की कळ्या आलेल्या फांदीसारखी नक्षी दिसते. 1950 साली लिन रीड यांनी या रुंद नळ्यांचे तीन प्रकार सांगितले, ते आजही वापरले जातात: सरळ नळकांड्यासारखी, मण्यांच्या माळेसारखी वरखाली होणारी, आणि शेवटी द्राक्षाच्या घडासारखे फुगे झालेली. आजाराचं वर्णन त्याआधीही होतं. स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लाएनेक यांनी 1819 मध्येच ते लिहिलं होतं. पण जिवंत माणसाच्या छातीत नळी इतकी स्पष्ट दिसणं सीटीमुळेच शक्य झालं.

व्रण कसा दिसतो आणि तो नळीला कसा ओढतो

आता दुसरी बाजू. हातावर भाजल्याचा व्रण पाहिला असेल. जखम भरते, पण कातडी आकसते आणि आजूबाजूची कातडी आपल्याकडे ओढून घेते. टीबी भरून आल्यावर फुप्फुसात नेमकं हेच होतं. सीटीत पांढऱ्या दोऱ्यासारख्या पट्ट्या दिसतात, मधूनमधून चुन्याचे कण दिसतात. त्या भागाचं आकारमान कमी झालेलं असतं, फुप्फुसाच्या दोन भागांमधली रेघ त्या बाजूला वर ओढलेली असते, आणि कधीकधी मोठी श्वासनलिकाही त्या बाजूला सरकलेली असते.

हा व्रण आकसताना आपल्यातून जाणाऱ्या श्वासनळ्यांनाही बाहेरून ताणतो, म्हणून त्याही रुंद दिसतात. याला ट्रॅक्शन ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात, म्हणजे ताणून रुंद झालेली नळी. ही नळी वेडीवाकडी असते, पण ती व्रणाच्या आतच असते. तिची भिंत फारशी जाड नसते आणि आत सहसा कफ साठलेला नसतो. वरच्या भागातल्या नळ्यांना आणखी एक सोय असते. माणूस उभा असताना किंवा बसला असताना त्यांतला कफ आपोआप खाली उतरतो. म्हणून त्यांना कोरडा ब्रॉन्किएक्टेसिस असंही म्हणतात.

थोडक्यात, रिपोर्ट हातात आला की तीन प्रश्न विचारायचे. रुंद नळ्या व्रणाच्या आतच आहेत, की व्रण नसलेल्या जागीही आहेत? त्यांच्या भिंती जाड आहेत का आणि आत कफ आहे का? आणि जुन्या फोटोशी तुलना केली तर काही बदललं आहे का?

आत्याच्या सीटीत काय निघालं

आत्याच्या उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात व्रणाच्या पट्ट्या होत्या, चुन्याचे दोन कण होते, मधली रेघ वर ओढलेली होती. त्या पट्ट्यांमधून दोन-तीन नळ्या ताणून रुंद झालेल्या होत्या, पण भिंती पातळ आणि आतून कोरड्या. फोटोतला ‘डाग’ तो हाच. घरातल्या पत्र्याच्या पेटीत सापडलेल्या दहा वर्षांपूर्वीच्या फोटोतही तो असाच होता, तेवढाच आणि तिथेच. इतकी वर्षं न बदललेला डाग म्हणजे जुना व्रण, हे जवळपास निश्चित झालं.

पण खाली पाहिल्यावर गोष्ट बदलली. दोन्ही फुप्फुसांच्या तळाच्या भागात, जिथे व्रणाची एकही पट्टी नव्हती, तिथे नळ्या सोबतच्या रक्तवाहिनीपेक्षा मोठ्या होत्या. एका ठिकाणी नळी सहा मिलिमीटर आणि रक्तवाहिनी चार, म्हणजे गुणोत्तर दीड. ती नळी पुढे निमुळती होत नव्हती, भिंती जाड होत्या आणि बऱ्याच नळ्यांत कफाचे बोळे होते. हा खरा, चालू असलेला ब्रॉन्किएक्टेसिस. बहुधा टीबीच्याही आधीचा, लहानपणीच्या त्या डांग्या खोकल्यानंतरचा. रोज सकाळचा बेडका इथून येत होता. डॉक्टरांनी पाठीवर खाली स्टेथोस्कोप लावल्यावर ऐकू आलेला बुडबुड्यांसारखा आवाजही इथलाच.

साध्या फोटोत वरचा निरुपद्रवी व्रण ठळक दिसत होता आणि खालचा त्रासदायक भाग दिसतच नव्हता. इतक्या वर्षांचा गोंधळ एवढ्यापुरताच होता.

मग टीबी नाही हे कशावरून?

हे सीटी एकट्याने ठरवत नाही. कळ्या आलेल्या फांदीची नक्षी चालू टीबीत दिसते आणि पिकलेल्या ब्रॉन्किएक्टेसिसमध्येही दिसते. जाड भिंतीची नवी पोकळी किंवा जुन्या फोटोत नसलेला नवा डाग दिसला तर टीबीचा संशय वाढतो. पण निकाल बेडक्याच्या तपासणीवरच लागतो.

आत्याच्या बेडक्याची सीबीनॅट तपासणी झाली आणि कल्चरला नमुना गेला. दोन्हींत टीबीचा जंतू नव्हता. इथे एक बारकावा लक्षात ठेवावा. सीबीनॅट जंतूचा डीएनए शोधते. नुकताच टीबीचा उपचार संपलेल्या माणसाच्या बेडक्यात मेलेल्या जंतूंचा डीएनए बराच काळ राहू शकतो, म्हणून तिथे तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. अशा वेळी कल्चर निर्णायक ठरतं, कारण त्यात फक्त जिवंत जंतू वाढतात. पण त्याला वेळ लागतो. द्रव माध्यमात निगेटिव्ह म्हणायला सहा आठवडे थांबतात. ‘एवढे दिवस कशाला?’ असं घरच्यांना वाटतं, पण नको असलेल्या सहा महिन्यांच्या गोळ्यांपेक्षा ते कमीच.

सीटीलाही मर्यादा आहेत. न्यूमोनिया नुकताच होऊन गेला असेल, तर नळ्या तात्पुरत्या रुंद दिसतात आणि काही महिन्यांत पूर्ववत होतात. म्हणून आजारपणातच काढलेल्या सीटीवरून कायमचं नाव चिकटवत नाहीत, बरं झाल्यावर पुन्हा पाहतात. श्वास नीट रोखला गेला नाही, तर चित्र हलतं. हृदयाच्या ठोक्यानेही, विशेषतः डाव्या बाजूला खाली, एका रेघेच्या दोन रेघा होतात आणि नळी रुंद असल्याचा भास होतो. आणि वयाच्या पासष्टीनंतर निरोगी माणसातही नळी सोबतिणीएवढी किंवा जराशी मोठी असू शकते. म्हणून एखाद्याच वर्तुळाच्या मापावर न जाता निमुळतेपणा, भिंत, कफ आणि लक्षणं हे सगळं मिळून पाहतात. खोकला-कफ काहीच नसलेल्या माणसाच्या सीटीत एखादी नळी रुंद दिसली, तर तो आजार असतोच असं नाही.

हा आजार आपल्याकडे वेगळा का

भारतातल्या ब्रॉन्किएक्टेसिसच्या रुग्णांची एक मोठी नोंदवही 2015 ते 2017 या काळात 31 केंद्रांत भरली गेली. कोलकात्याचे डॉ. राजा धर आणि सहकाऱ्यांनी तिचे निष्कर्ष 2019 मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात मांडले. 2195 रुग्णांपैकी सुमारे 35 टक्क्यांमध्ये मूळ कारण टीबी होतं आणि सुमारे 22 टक्क्यांमध्ये आधी होऊन गेलेला दुसरा एखादा संसर्ग. युरोपात टीबीचा वाटा फार कमी आहे. म्हणून तिकडच्या संकेतस्थळांवर वाचलेलं जसंच्या तसं आपल्या आत्याला लागू होत नाही. आपल्याकडे व्रण आणि रुंद नळी एकाच छातीत भेटण्याची शक्यता खूप जास्त.

रुंद नळ्या कुठे आहेत, यावरूनही कारणाचा माग लागतो. वरच्या भागात असतील तर आधी टीबी आठवावा. तळाला असतील तर लहानपणचा गोवर, डांग्या खोकला, न्यूमोनिया, किंवा अन्न श्वासनलिकेत जाण्याची सवय. मधल्या, हृदयाजवळच्या मोठ्या नळ्या रुंद आणि माणूस दम्याचा असेल, तर ॲस्परजिलस बुरशीची ॲलर्जी म्हणजे एबीपीए पाहावी लागते. त्यासाठी रक्तातली आयजीई तपासतात. ही तपासणी आत्याचीही झाली आणि ती सामान्य आली. एबीपीएचा उपचार अगदीच वेगळा असतो, म्हणून ही पायरी गाळायची नाही.

फरक कळल्यावर काय बदललं

वरच्या व्रणाला औषध नाही आणि त्याची गरजही नाही. त्याचा फोटो जपून ठेवायचा, म्हणजे पुढच्या वेळी कुणी ‘डाग’ म्हटलं की समोर ठेवता येईल. मात्र व्रण म्हणजे पूर्ण निर्धास्त, असंही नाही. जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा होऊ शकतो आणि ताणलेल्या कोरड्या नळ्यांजवळच्या रक्तवाहिन्यांतून रक्त येऊ शकतं. बेडक्यात रक्ताची रेघ दिसली तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावेत. खोकताना पेलाभर रक्त पडलं, तर वाट न पाहता थेट मोठ्या दवाखान्यात जावं.

खालच्या रुंद नळ्यांसाठी मुख्य उपचार म्हणजे कफ रोज बाहेर काढणं. आत्याला फिजिओथेरपिस्टने एक क्रम शिकवला. थोडा वेळ शांत श्वास घ्यायचा, मग तीन-चार खोल श्वास घेऊन प्रत्येक वेळी तीन सेकंद रोखायचे, पुन्हा शांत श्वास, आणि मग आरशावर वाफ सोडतो तसा तोंड उघडं ठेवून ‘हा’ करत जोराने श्वास सोडायचा. त्यासोबत कुशीवर झोपून तळाचा कफ वर यायला मदत करायची. सकाळ-संध्याकाळ दहा ते वीस मिनिटं. खोकला दाबायचं सिरप बंद झालं, कारण या आजारात खोकला हीच घर झाडण्याची सोय आहे.

कफ पिवळा-हिरवा होऊन वाढला, की आधी बेडका कल्चरला द्यायचा आणि मग अँटिबायोटिक सुरू करायचं, साधारण चौदा दिवसांचं. तीन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. वर्षात तीन किंवा त्याहून जास्त वेळा असं झालं, तर डॉक्टर कमी मात्रेत दीर्घकाळ ॲझिथ्रोमायसिन देण्याचा विचार करतात. पण त्याआधी टीबीच्या कुळातले इतर जंतू बेडक्यात नाहीत याची खात्री आणि ईसीजी लागतो. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने घ्यायची ही गोळी नव्हे.

ग्रुपवर पीडीएफ आली, की दूर बसलेल्या भाच्या-पुतण्यांना करण्यासारखी कामं अगदी ठोस आहेत. सीटी सेंटरकडून फक्त रिपोर्ट न घेता चित्रांची सीडी मागून घ्यावी. कलबुर्गीचे डॉक्टर असोत की सोलापूरचे, त्यांना चकत्या स्वतः पाहता येतील. घरातल्या पेट्या उघडून जुने फोटो शोधावेत आणि त्यांवरची तारीख दिसेल असे मोबाईलवर टिपून ठेवावेत. पूर्वी टीबीचा उपचार कधी आणि किती महिने घेतला, हे आत्याला विचारून एका कागदावर लिहावं. आणि डॉक्टरांना एकच नेमका प्रश्न विचारावा: ‘रुंद झालेल्या नळ्या व्रणाच्या आतच आहेत, की बाहेरही?’